पावतीची उलटी बाजू

आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मालक दिवसातून पन्नासदा म्हणायचे, "टाका मशीनमध्ये." काउंटरवरच्या मावशी मान वर न करता विचारायच्या, "टाका कोणता?" नव्या माणसाला हसू यायचं. मालकांच्या कपाळाला मात्र आठ्या पडायच्या, कारण मावशी थट्टा करत नसत, त्यांना खरंच उत्तर हवं असे. त्यांचं नाव टाकामावशी पडलं ते यावरून. ठेवलं मीच. मी मागच्या खोलीत कपड्यांवरचे डाग काढते, म्हणून त्यांनीही मला डागवाली करून ठेवलं आणि हिशेब फिटला.

मावशी अठ्ठावन्नच्या. तरुणपणी एका भरतकामाच्या कारखान्यात तपासनीस होत्या, नजर कमी झाल्यावर तिथून सुटल्या आणि आमच्या काउंटरला चिकटल्या. आलेला कपडा त्या आधी उलटा करत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल. "माणूस आणि भरतकाम, दोन्ही पाठीमागून बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग चष्मा नाकावर सरकवून लिहायला बसत. टाका कोणता, नक्षी कोणती, धागा कसला, आणि कपड्यावर कुठे. चारही गोष्टी लिहून झाल्याशिवाय कपडा माझ्याकडे यायचा नाही.

मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि पावतीवर एकच ओळ छापून यायला लागली, 'भरतकाम, एक नग'. मावशींनी ती ओळ वाचली, पावती पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने लिहायला लागल्या. दुकानाच्या प्रतीवर एकदा, गिऱ्हाइकाच्या प्रतीवर एकदा. मालक म्हणाले, "एवढं कोण वाचतं?" मावशी म्हणाल्या, "भांडण झालं की सगळे वाचतात." मालकांनी दोनदा बंदी घातली. मावशींनी दोन्ही वेळा "बरं" म्हटलं आणि लिहीत राहिल्या.

सांगायची गोष्ट आहे ती बुटीकवाल्या बाईंच्या तीन कपड्यांची. या बाई स्वतःचे कपडे कमी आणि गिऱ्हाइकांचे जास्त आणत. आमचं निम्मं काम त्यांच्या जिवावर चालायचं, त्यामुळे त्या आल्या की मालक खुर्चीतून अर्धे उठत. त्या दिवशी त्यांनी तीन कपडे टाकले आणि म्हणाल्या, "तीन एम्ब्रॉयडरी. घाई आहे."

मावशींनी एकेक उलटा केला.

पहिला पांढऱ्या मलमलीचा कुर्ता, त्यावर पांढऱ्याच सुती धाग्याची चिकनकारी. गळ्याभोवती आणि बाहीच्या कडेला कोयऱ्या. पानांची नक्षी उलट बाजूने फुलीसारख्या टाक्यांनी भरलेली, त्यामुळे सुलट बाजूला कापडातून तिची नुसती सावली दिसत होती. कोयरीच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढ्या उठावाच्या गाठी. छातीशी जाळी. आमच्या इस्त्रीवाल्या भाऊंनी मागे अशीच एक जाळी बघून "कसर लागली हो" म्हणून आरडाओरडा केला होता. तेव्हापासून मावशी लिहीत, 'जाळी आहे, भोक नाही. सूत कापलेलं नाही, सुईने बाजूला सारून बांधलंय. भाऊंनी वाचावं.' या पावतीवरही तसंच लिहिलं.

दुसरं मखमलीचं जॅकेट. कॉलरवर आणि मनगटाशी जरदोजीची वेल. तिच्यात साधा दोरा दिसतच नाही. स्प्रिंगसारखी वळलेली बारीक तार कापून तिचे तुकडे मण्यांसारखे ओवून शिवलेले, कडेने टिकल्या. पाकळ्यांखाली सुताची भर देऊन त्या उचललेल्या. 'उजव्या मनगटावर दुसऱ्या फुलाची एक पाकळी तारेविना, खालचं पिवळं सूत उघडं. आधीपासूनच. इस्त्री उलट बाजूने, खाली मऊ टॉवेल.' मावशींनी बाईंना मनगट दाखवलं. बाई मोबाईलमध्ये बघून "हो हो" म्हणाल्या.

तिसरी फुलकारीची ओढणी. तांबडं जाडंभरडं सुती कापड, त्यावर बिनपिळाच्या रेशमाने भरलेले तिरके चौकोन, बघावं तिकडे पिवळेधमक. हे काम करणारी बाई कापडाच्या उलट बाजूने सूत मोजत जाते. लांब टाका सुलट बाजूला पडतो आणि उलट बाजूला नुसते ठिपके राहतात. आडवे आणि उभे टाके उजेड वेगवेगळा धरतात, म्हणून एकच पिवळा दोन पिवळ्यांसारखा भासतो. डाव्या टोकाला चहाचा डाग होता. मावशी त्या टोकाशी बराच वेळ थांबल्या, लिहिलं आणि ओढणी माझ्याकडे दिली. मी पावतीच्या मागे लिहिलेलं सगळं वाचलं नाही. डागाचं तेवढं वाचलं. हा माझा दोष, आणि तो मी आजही नाकारत नाही.

काम मात्र मी नीट केलं. आतल्या कडेला ओला कापूस दाबून आधी रंग सुटतो का बघितलं, नाही सुटला. मग खाली पांढरं फडकं धरून मागच्या बाजूने चहा टिपून घेतला. माझी नजर डागावर होती, चौकोनांच्या रंगावर नाही. डाग गेला.

चार दिवसांनी बाई कपडे न्यायला आल्या. ओढणी उघडली आणि डाव्या टोकावर बोट ठेवलं. काठापासून तिसऱ्या ओळीतला एक चौकोन जांभळा होता.

"हे काय केलंत? औषधाने रंग जाळलात ना?"

मला बोलावलं गेलं. मी बघितलं आणि मलाही वाटलं, जळला की काय, कारण चहाचा डाग त्याच चौकोनाला लागून होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, काळजी करू नका. हिचा हिशेब करून हिला उद्यापासून काढतो. आणि आमच्या मावशींचा हात बसलेला आहे, त्या हा चौकोन उसवून पिवळ्याने भरून देतील. कळणारसुद्धा नाही."

"परवापर्यंत," बाई म्हणाल्या आणि कुर्ता, जॅकेट घेऊन गेल्या.

मावशींनी ओढणीची घडी घातली. "मी उसवणार नाही."

"का?"

"हा भरतानाच जांभळा भरलाय. पिवळं रेशीम जळून जांभळं होत नाही, काळं पडतं. आणि रंग फुटला असता तर शेजारच्या कापडावर पसरला असता. पाठीमागचे ठिपकेही जांभळे आहेत, एकेक मोजून घ्या. मी पावतीच्या मागे लिहिलंय."

"मागे लिहायचं नाही, असं सांगितलं होतं ना? आता कोण मानेल? म्हणतील, नंतर लिहिलं."

"त्यांच्या प्रतीवर पण आहे."

"त्यांच्याकडे ती असेल तर ना," मालक म्हणाले आणि आत गेले.

खरं सांगते, मला तेव्हा तत्त्व वगैरे काही सुचलं नाही. मला माझी नोकरी दिसत होती. मी मावशींच्या मागे लागले. "एक चौकोन तर आहे. उसवा ना. तुमचं एका दुपारचं काम आहे, माझं घर आहे."

मावशी माझ्यावर खेकसल्या. "अक्कल गहाण ठेवलीस का? उसवला तर कबूल केलंस की तू जाळलास. उद्या दुसऱ्या दुकानात गेलीस तर तिथे आधी हीच बातमी पोचेल. आणि जिने भरला तिने काय पाप केलं? सुईने पुसून टाकायचं तिला?"

"मग मी करू काय?"

"कामाला ये."

"त्यांनी काढलंय मला."

"तरी ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले. मालक म्हणाले, "तू इथे कशी?" मी ॲप्रन बांधला आणि म्हटलं, "डाग काढायला." मावशी सुई-दोरा समोर ठेवून बसल्या होत्या आणि त्याला शिवत नव्हत्या. मालकांनी पिवळं रेशीम आणून दिलं. मावशींनी उजेडात धरून बघितलं आणि परत केलं. "पिळाचं आहे. फुलकारीला बिनपिळाचं लागतं. एवढं तरी शिका."

तिसऱ्या दिवशी बुटीकवाल्या बाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक उंच, पिकल्या केसांची बाई. "ओढणी यांच्या आईची. मी म्हटलं तुम्हीच बघा काय वाट लावलीय," बुटीकवाल्या बाई म्हणाल्या.

त्या बाईंनी पर्समधून आमची पावती काढली आणि काउंटरवर पालथी ठेवली. म्हणाल्या, "कुर्ता आणि जॅकेट मला देताना यांनी ही पिशवीत राहू दिली होती. हे कोणी लिहिलंय?"

"मी," मावशी म्हणाल्या. "काही चुकलंय?"

बाईंनी मोठ्याने वाचलं. "डावं टोक, काठापासून तिसरी ओळ, एक चौकोन जांभळ्या रेशमाचा. टाका तोच, हात दुसरा. मोजणीत सूत तीनदा चुकलंय, धागा सैल. हात लहान असावा. उसवू नये."

बाईंनी पावती खाली ठेवली.

"मी आठ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आई पिवळ्याला हात लावू देईना, नासशील म्हणाली. उरलेला जांभळा दिला. मोठी झाल्यावर मी तिला म्हटलं, उसव गं, शोभा जाते. तिने नाही उसवला." त्यांनी ओढणी घेतली, उलटी केली आणि बोटाने चाचपत तो चौकोन शोधला. न बघता सापडला त्यांना. मग त्यांनी बुटीकवाल्या बाईंकडे पाहिलं. "हा काढायला तुम्ही सांगितलं होतं?"

बुटीकवाल्या बाईंना एकाएकी फोन आला. त्या बाहेर गेल्या.

मालकांनी हात चोळले, घसा साफ केला आणि मला म्हणाले, "झालं गेलं विसर. जा, लाग कामाला."

मी जागची हलले नाही. "आधी या बाईंसमोर म्हणा, की डागवालीचा दोष नव्हता."

मालक छताकडे बघत पुटपुटले, "नव्हता तिचा दोष."

मावशींनी पावती सुलटी केली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या.

मालकांनी परत म्हटलं. या वेळी इस्त्रीवाल्या भाऊंनाही ऐकू गेलं.