तोंडीचे हरवलेले गुण

आमच्या नाशिकच्या कॉलेजात मी घेतलेल्या तोंडी परीक्षेच्या गुणांचा कागद मीच हरवला. एकूण गुण तेवढे सूचनाफलकावर लागले होते. एका मुलीला पुढच्या प्रवेशासाठी तोंडीचे गुण हवे होते. विभागप्रमुखांसमोर तिनेच हिशोब मांडला.

"सर, एकूण चौसष्ट. लेखीत साठ, भार साठ टक्के, म्हणजे छत्तीस. प्रकल्पात ऐंशी, भार वीस टक्के, म्हणजे सोळा. उरले बारा. तोंडीचा भारही वीस टक्के, म्हणजे शंभरपैकी साठ!"

"शाब्बास! साठच दिले होते मी," मी छाती फुगवली.

प्रमुखांनी फाइल उघडली. "तोंडीच्या दिवशी ही वणीला होती. रजेचा अर्ज माझ्याकडे आहे."

मी वर्गात सगळ्यांनाच सरसकट साठ वाटले होते.

तिची तोंडी तिथेच झाली. मग दार लावून माझी.