पहिल्या पत्रातली आई

बेंगळुरूत, मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी डोळा लागला की अजूनही मला नॉर्वे दिसतं. न मावळणारं ऊन, संथ पाणी. मी तिथे कधी गेलेच नाही. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या, तेव्हा बेळगावहून चुलतभावाचा फोन आला, "आईला झटका आलाय, आयसीयूत हाय. तू ये."

ही आई म्हणजे माझी काकू. मी तान्ही असतानाच माझी आई गेली. काकूची पोरं तिला आई म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. दत्तकाचा कागद कुणी केला नाही. घरातल्याच पोरीसाठी कचेरीत जायचं आमच्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हॉस्पिटलातले दिवस धुक्यातून चालल्यासारखे गेले. ती वाचली. उजवा हात मात्र जड राहिला, म्हणून तिला बेंगळुरूला आमच्याकडे आणलं.

मग प्रवास विम्याच्या क्लेमचं पत्र लिहायला बसले. विमान कंपनीने फक्त कर परत केला होता, हॉटेलने एका रात्रीचं भाडं कापलं होतं, व्हिसाची फी बुडाली होती. कुणी किती परत केले ते मांडलं, पावत्या जोडल्या. आजार अचानक आला आणि कधी दाखल केलं, हे सांगणारं डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र लावलं. कारण लिहिलं: आईचा गंभीर आजार. हात जराही अडखळला नाही.

विमा कंपनीचं उत्तर आलं: नात्याचा पुरावा पाठवा. तुमच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं आहे.

नवऱ्याने पॉलिसी उघडली. "जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, सासू-सासरे, भावंडं. काकू नाहीये गं यात."

मला असा संताप आला! पैसे गेले तर गेले, पण ती माझी आई नाही हे माझ्याच सहीने लिहून द्यायचं? दोन दिवस मी लॅपटॉपकडे फिरकले नाही.

शेवटी आईच म्हणाली, "काकू म्हणून लिव की. कागदावर काकूच हाय मी. एवढं स्वल्प काम, त्याला तोंड फुगवून बसत्यात व्हय?"

लिहिलं. पाठवलं. क्लेम नामंजूर झाला. नवऱ्याने चहा केला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते पयलं पत्र छापून दे मला."

छापून दिलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. आई कुठं लिहिलंय, तिने विचारलं. मी बोट ठेवलं. मग तिने आपला तो जड उजवा हात हळूहळू उचलून आणला आणि बोट त्याच शब्दावर ठेवलं.