प्रत्येक नाव बसलं, नंबर तेवढा राहिला

आदिलाबादच्या बस स्टँडमागच्या गल्लीत चारुशीलाबाई वाकोडकरांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, कापसाच्या बियाण्याची पत्रकं, वाढदिवसाचे फ्लेक्स असं सगळं त्या मराठीत, तेलुगूत आणि लागलं तर उर्दूत करून देतात. बाईंचं वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि स्वभाव असा की कुणाच्या दारावरच्या पाटीत जरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर त्या बेल वाजवून सांगतात. त्यांचा मुलगा हेरंब हैदराबादेत नोकरी करतो. तो म्हणायचा, "आई, तू जगाची प्रूफं वाचू नको." बाई म्हणायच्या, "मग कोण वाचंल?"

अशा बाईंच्या हातून जे झालं, ते म्हणूनच सांगण्यासारखं आहे.

जूनच्या शेवटी गावाबाहेरच्या एका शाळेचे क्लार्क उद्धवराव दुकानात आले. चारशे अडतीस मुलांची ओळखपत्रं हवी होती. उभं कार्ड, वर शाळेचं नाव, मधे फोटो, खाली मुलाचं नाव, त्याच्या खाली लायब्ररीसाठी बारकोड. आणि मागच्या बाजूला रक्तगट, पत्ता, अडीअडचणीला लावायचा फोन नंबर.

"मागल्या वर्षी कुठून केली होती?" बाईंनी विचारलं.

उद्धवरावांनी खिशातून एक जुनं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. फोटोतल्या मुलीचा चेहरा दोन्ही कानांना धरून ओढल्यासारखा रुंद झाला होता. खाली इंग्रजीत नाव होतं: कोंडापल्ली वेंकट ना. बस, तिथंच कार्ड संपलं होतं.

"हे पूर्ण नाव आहे?"

"नाई हो ताई. कोंडापल्ली वेंकट नागसाई लक्ष्मी प्रसन्ना. पोरीले सगळे वेंकट म्हणून चिडवून राह्यले वर्षभर. तिचा बाप दोनदा भांडून गेला."

चारुशीलाबाईंनी ते कार्ड उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. दुसऱ्याच्या घरची फोडणी करपलेली पाहावी तसा त्यांचा चेहरा झाला.

पुढचे आठ दिवस त्यांनी या कामाला वाहून घेतले. शाळेनं पाठवलेली यादी त्यांनी आधी नावाच्या लांबीनं लावली. सगळ्यात वर अर्थातच प्रसन्ना, मोकळ्या जागा धरून त्रेचाळीस अक्षरं. सगळ्यात खाली के. ओम नावाचा सहावीतला मुलगा. दुसरा कुणी असता तर त्यानं ओमचं नाव टाकून सुंदर नमुना केला असता आणि प्रिन्सिपलची सही घेतली असती. बाईंनी नमुना प्रसन्नाच्या नावानं केला.

नाव एका ओळीत बसवायचं तर अक्षरं एवढी बारीक होत की मुंग्यांची रांग वाटावी. आडवी दाबून बसवावीत तर ती उपाशी दिसत. शेवटी बाईंनी प्रत्येक कार्डावर नावासाठी दोन ओळींची जागा राखून ठेवली. नाव तोडायचं ते दोन शब्दांच्या मधेच, शब्दाच्या पोटात नाही. एकाच ओळीत मावणारं नाव त्या जागेच्या बरोबर मध्यावर यायचं, म्हणजे ओमच्या खाली भगदाड दिसायचं नाही. अक्षराचा आकार सगळ्यांना एकच. "लांब नाव असणं हा काही गुन्हा नाही," असं त्या आपल्या मॉनिटरला म्हणाल्या.

फोटोंचा तर वेगळाच बाजार. कुणी लग्नातला फोटो पाठवला होता, त्यात नवरा-नवरीच्या मधून मुलाचा एक डोळा दिसत होता. कुणी गॉगल लावला होता. एकानं बैलाबरोबर काढलेला फोटो दिला होता आणि बैल जास्त स्पष्ट आला होता. बाईंनी एकवीस फोटो परत पाठवले. बाकीचे ओढाताण न करता कडेनं कापून एका मापाचे केले, आणि प्रत्येक फोटोला मुलाच्या प्रवेश क्रमांकाचं नाव दिलं, म्हणजे एकाचं डोकं दुसऱ्याच्या नावावर बसायला नको.

मग प्रिन्सिपल शामराव सारांनी (इकडे सरांना 'सार'च म्हणतात) निरोप पाठवला की बारकोड काळा नको, शाळेच्या रंगाचा लाल हवा.

बाई स्वतः नमुना घेऊन शाळेत गेल्या. सारांना घेऊन लायब्ररीत आल्या आणि तिथल्या मशीनसमोर लाल बारकोड धरला. मशीन गप्प. पुन्हा धरला. गप्प.

"मशीनचा उजेडच लाल आहे, सार," बाई म्हणाल्या. "लालावर लाल, त्याले काही दिसत नाही."

मग काळा धरला. दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडलेला, न ताणलेला. टूं करून आवाज आला आणि पडद्यावर नंबर उमटला.

शामराव सारांनी तो तीनदा वाजवून पाहिला. "बरं," ते म्हणाले, "काळा पण आपल्या शाळेले शोभते."

पडद्यावरचा नंबर मात्र बाईंना खटकला. प्रवेश क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य एक्सेलनं खाऊन टाकलं होतं. त्यांनी घरी जाऊन चारशे अडतीस शून्यं परत आणली. उद्धवराव मिश्यांत हसत म्हणाले, "ताई, शून्यासाठी एवढी मेहनत कराले मी कोणालेच पाहिलं नाई."

प्रूफ झालं. बाईंनी सगळ्यात लांब वीस नावं तपासली, सगळ्यात छोटी दहा तपासली, प्रत्येक फोटो नावाशी ताडून पाहिला. सारांनी सही केली. उद्धवरावांनी सही केली. कार्डं छापून, फीत लावून शाळेत गेली आणि प्रसन्नाच्या बापानं शाळेत येऊन प्रथमच कुणाशी भांडण केलं नाही.

चार दिवसांनी बाईंना एक फोन आला. बसचा कंडक्टर होता. "तुमच्या मुलाचं कार्ड बसमधी पडून होतं."

"माझ्या मुलाचं लग्नाचं वय झालं," बाई म्हणाल्या, "त्याले कायचं कार्ड? राँग नंबर."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आयाचा फोन आला. तुमची पोरगी डबा विसरली, भुकेली बसून आहे, काऊन लक्ष देत नाही? बाईंनी तिलाही राँग नंबर सांगितलं, पण फोन ठेवल्यावर मनात कुठंतरी खडा टोचत राहिला. त्या लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'कडे वळल्या.

तिसरा फोन दुपारी आला. एका माणसानं तेलुगूत घाईनं विचारलं, "लक्ष्मी प्रसन्नाची आई बोलते का?"

ते नाव बाईंना झोपेतही तोडता आलं असतं, आणि तेही बरोबर दोन शब्दांच्या मधे. "कोंडापल्ली वेंकट नागसाई?" त्या म्हणाल्या.

"हो हो, तीच. मी पीटीचा खुशाल सार. मैदानावर चक्कर येऊन पडली. शुद्ध आहे, पण दम लागतो म्हणते. आम्ही दवाखान्यात नेत आहोत. तुम्ही लगेच या."

"हा नंबर तुम्हाला कुठं मिळाला, सार?"

"तिच्या कार्डाच्या मागं आहे ना, अम्मा."

चारुशीलाबाईंनी कार्डाची फाइल उघडली. मागची बाजू. नमुना करताना दहा आकडे किती जागा घेतात हे पाहायला त्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. रक्तगटाची जागा यादीतल्या रक्तगटाच्या रकान्याला जोडली होती, पत्त्याची पत्त्याला. नंबराची जागा कशालाच जोडली नव्हती. त्या चारशे अडतीस पोरांच्या पालक झाल्या होत्या.

त्यांनी यादीत प्रसन्ना शोधली आणि बापाचा नंबर लावला. बाप कापसाच्या बाजारात होता. बाईंनी त्याला दवाखान्याचं नाव सांगितलं, पोरगी शुद्धीवर आहे हे दोनदा सांगितलं, आणि मग रिक्षा करून स्वतःही तिथं गेल्या.

प्रसन्ना खाटेवर बसून बिस्किट खात होती. सकाळी न जेवता उन्हात पळाली, म्हणून चक्कर आली. जुना दमाही होता, त्यावर औषध दिलं होतं. बाईंनी पाहिलं, तिच्या गळ्यात कार्ड होतं आणि नाव फार सुरेख बसलं होतं. त्याचा त्यांना जरासुद्धा आनंद झाला नाही.

तिथून त्या तडक शामराव सारांकडे गेल्या. "माझी चूक आहे," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "नावाच्या नादात मी कार्डाची पाठ वाचलीच नाही. सगळी कार्डं मी परत करून देते. तोवर ही नंबरांची यादी प्रत्येक वर्गात लावा."

सारांनी टेबलावरचं एक कार्ड उलटून पाहिलं, मग उद्धवरावांकडे पाहिलं. "सही तर आमी दोघांनी बी केली," ते म्हणाले. "आमी कोणची बाजू वाचली?"

उद्धवराव यादीच्या प्रती काढायला उठले.

नवीन कार्डं छापायच्या आधी बाईंनी ठरवलं की यादीवर आता डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी एकेक नंबर लावायला घेतला. सहा दिवस लागले. आणि कुणालाच माहीत नव्हतं ते बाहेर आलं. सत्तरच्या वर नंबर बंद पडलेले होते. एक नंबर इचोड्याच्या ढाब्यावर लागला. तिथला माणूस म्हणाला, पोरगं कोणाचं ते माहीत नाही, पण जेवायला पाठवा. एका बापानं सांगितलं की हा नंबर त्याच्या साडूचा आहे आणि साडूशी तीन वर्षं बोलणं नाही. बाईंनी प्रत्येकाकडून चालणारा नंबर घेतला, पुन्हा लावून पाहिला, मगच रकान्यात भरला. शाळेनं दिलेल्या यादीपेक्षा बाईंची यादी जास्त खरी झाली.

शेवटी एकच जागा रिकामी राहिली. आठवीतली मयूरी. तिच्या दिलेल्या नंबरावर कुणी उचलत नव्हतं. उद्धवरावांनी तिला ऑफिसात बोलावलं, तेव्हा बाई तिथंच बसल्या होत्या.

"घरी फोन नाई," मयूरी म्हणाली. "बाबा चंद्रपुराकडं कामाले जाते. आजी हाय, तिले ऐकू येत नाई. तो नंबर शेजाऱ्याचा, तो उचलत नाई." मग तिनं आपल्या गळ्यातलं कार्ड उलटून दाखवलं. "हाच राहू द्या ना. पोरी म्हणते, या नंबरवाली बाई लगेच उचलते."

असं करता येत नाही, घरच्यांची सही लागते, उद्धवराव म्हणाले. दोन दिवसांनी आजी लक्ष्मीबाई शाळेत आली. कार्डावर आपला नंबर राहील, हे बाईंनी तिच्या कानाशी जाऊन तीनदा समजावलं. आजीनं अंगठा दिला आणि बाईंचा हात धरून बराच वेळ सोडला नाही.

उद्धवराव पेन घेऊन थांबले. नव्या कार्डावर नंबराच्या शेजारी नात्याचाही रकाना केला होता.

"ताई, नातं काय लिहू?"

चारुशीलाबाईंनी चष्मा वर सारला आणि त्या रकान्याची रुंदी मनातल्या मनात मोजली.

"इंग्रजीत आंटी लिहा," त्या म्हणाल्या. "थोडक्यात बसते. आणि मले वाचून दाखवा, दोन्ही बाजू."