चंद्र फक्त आईपुरता जवळ आला

"पट्टीत खोट आहे!"

"आई, पट्टी तीच आहे. सत्तावीस वर्षांची."

"मग चकती झिजली असेल."

"सत्तावीस वर्षं नाही झिजली, ती आता झिजली?"

शाळेच्या गच्चीवर दिवेलागणीला मायलेकींची जुंपली होती. आई भौतिकशास्त्राच्या बाई. मुलं मागे त्यांना चांदोबाबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. लेक त्याच प्रयोगशाळेत मदतनीस. दर पौर्णिमेला हा प्रयोग ठरलेला: सव्वा मीटरच्या पट्टीचं एक टोक डोळ्याशी धरायचं, नऊ मिलिमीटरची पुठ्ठ्याची चकती पुढे-मागे सरकवायची, चंद्र नेमका झाकला की थांबायचं. चकतीच्या रुंदीला तिच्या अंतराने भागायचं आणि चंद्राच्या तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर अंतराने गुणायचं. निघाला व्यास!

वहीत सगळे आकडे तेहतीसशे ते सदतीसशेच्या आत. चंद्र जवळ-लांब होतो, तेवढी खालीवर चालायचीच. पण शेवटच्या तीन पौर्णिमा बाईंनी बोटाखाली झाकल्या होत्या. लेकीने बोट बाजूला केलं. एकोणचाळीसशे. बेचाळीसशे. आणि आज चकती पंच्याहत्तर सेंटिमीटरवर आणावी लागली, म्हणजे शेहेचाळीसशे आठ.

"आज जवळ आलाय तो," बाई म्हणाल्या.

"एवढा फुगायला त्याला दोन लाख नव्वद हजारांवर यावं लागेल. तूच शिकवलंस, इतका जवळ तो कधीच येत नाही."

"मला नको शिकवूस, कार्टे."

लेकीने पट्टी घेतली. आईसारखाच उजवा डोळा लावला. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. पस्तीसशे सत्तावीस. तिने पुन्हा मोजलं, तेवढंच.

"तीच पट्टी, तीच चकती, तोच चंद्र. माझ्यासाठी नाही आला तो जवळ?"

बाई हसल्या नाहीत. एरवी अशा टोमण्याला त्या टाळी देत.

"तुला त्याची कड स्वच्छ दिसते?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नखासारखी. तुला?"

"पिंजलेल्या कापसासारखी. चकतीने कितीही झाकलं तरी बाहेर उजेड उरतोच, म्हणून ती आणखी जवळ ओढते."

खाली रस्त्यावरचे दिवे लागले. बाईंनी कठड्यावरून डोकावलं आणि लगेच मान फिरवली. लेकीच्या ते नजरेतून सुटलं नाही. गेल्या आठवड्यात वळणावर आईने स्कूटरचा ब्रेक करकचून दाबला होता. 'समोरच्याने दिवा डोळ्यांत मारला,' म्हणाली होती. मागे बसलेल्या लेकीला समोरून आलेली साधी सायकल दिसली होती.

"आई, रस्त्यावरच्या दिव्यांभोवतीही असाच कापूस दिसतो का?"

बाईंनी वही मिटली. पट्टी कोपऱ्यात उभी केली.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्याच जाऊ. आणि आज स्कूटर मी चालवते. आई, किती दिवस झाले हे?"

बाईंनी पर्समधून किल्ली काढली, मुठीत गच्च धरली आणि पायाने पहिली पायरी चाचपत जिना उतरू लागल्या.