अंजनाकाकूंचा चॅनेल

दहिवडीजवळच्या वाडीतल्या अंजनाकाकू यूट्यूबवर माणदेशातल्या गोष्टी सांगायच्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, नुसती कुजबुज उरली आणि चॅनेल वर्षभर तसाच पडून राहिला. मग एक दिवस कमाई बंद झाल्याचा यूट्यूबचा मेल आला.

काकू मोबाइल घेऊन सांगलीला पुतणीकडे, शिवांजलीकडे गेल्या.

"लोक अजून बघत्यात की," त्या कुजबुजल्या.

"लोकांनी बघितलेलं धरत न्हाईत, काकू. सहा महिने व्हिडिओ न्हाई, पोस्टबी न्हाई, मग यूट्यूबवाले कमाई बंद करू शकत्यात."

"दोन ओळी लिहिल्या असत्या तर?"

"तीबी पोस्टच की, चाललं असतं," शिवांजली हळूच म्हणाली.

"आन् चॅनेलचं नाव? ते @ लावून लिवत्यात ते हँडल?"

"ते हाय तुमचंच. तुमी लॉगिन करून कमेंटला उत्तरं देत व्हता. तेबी लय दिवस बंद असतं, तर कदाचित न विचारता काढून घेतलं असतं."

नवे व्हिडिओ टाकून, अटी पुऱ्या करून परत अर्ज करता येणार होता. शिवांजलीने लगेच कॅमेरा लावला. काकूंनी पदर सावरला, पूर्वीसारखी मोठ्यानं गोष्ट सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग हातानेच कॅमेरा झाकला.

"ऱ्हाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. शिवांजलीला ते ओठांवरूनच कळलं.