येलवालच्या खांबावरचा नकार

मी म्हैसूरला वीजखात्यात लाइनमन होतो. येलवालच्या खांबावर चढायला मी साफ नकार दिला. लाइन क्लिअरचा परवाना हातात नव्हता, तारा अर्थिंग केलेल्या नव्हत्या.

साहेब म्हणाले, "फोनवर बोललोय, लाइन बंद आहे. हत्तु, एनू आगल्ला." चढ, काही होत नाही म्हणे!

मी नोंदवहीत वेळ, खांबाचा नंबर आणि नकाराचं कारण लिहून सही केली. मग साहेबांनी माझ्या जोडीदाराला चढवलं. लाइन चालू होती. तो जागीच गेला.

चौकशीत माझं पान मोठ्यानं वाचलं गेलं. नियमानं वागलात म्हणून माझी पाठ थोपटली. जोडीदाराचा खांबावर चढायचा कमरपट्टा तुटला होता, म्हणून माझा मीच त्याला बांधून दिला, हे त्या पानावर नव्हतं.