हिरवा दिवा, वाढता आकडा

सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या हेल्पडेस्कवर अकिला मुल्लाच्या तोंडाला सगळे टरकून असायचे. नुसत्या सैल केबलीपायी चारदा शिराळ्याच्या शाखेला हेलपाटा पडला, तेव्हा वैतागून तिनं नव्या पोरींसाठी प्रशिक्षणाचा आराखडा लिहिला. आधी शाखेच्या नेटवर्कचा पोर्ट आपल्या कॉम्प्युटरवर चालू दिसतो का बघा, मग शाखेला फोन करून, जिथं केबली जोडतात त्या स्विचचा दिवा हिरवा आहे का विचारा, नसेल तर केबल नीट बसवायला सांगा, मग पोर्टवरच्या चुकांचा आकडा पाच मिनिटांच्या अंतरानं दोनदा वाचा. वाढला तर लाइनच खराब, तक्रार लगेच माझ्याकडं पाठवा. "आन् उगं पाठवली, तर गाठ माझ्याशी हाय!"

त्या सोमवारी शिराळा शाखेचं काम दुपारपर्यंत अडखळत राहिलं, रांग रस्त्यावर आली. अकिलाला ते कळलं थेट साहेबांच्या फोनवरून. तरातरा जाऊन तिनं नव्या कीर्तीची वही ओढली. पोर्ट चालू, दिवा हिरवा. खाली चुकांचे आकडे, दर पाच मिनिटांनी वाढत गेलेले, बावीस वेळा लिहिलेले.

"अगं, पहिल्यांदा वाढला तवाच सांगायचंस की!"

"माझं चुकलं असतं तर तुमी लय बोलला असता, मॅडम. म्हणून परत परत बघत हुते."

अकिलानं आराखडा उघडला. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या. अकिलाला भ्यायचं नाही, हे त्यातल्या कुठल्या पायरीत लिहायचं, तेवढं तिला सुचेना.